सर्दी असताना विमानप्रवास: कानाला दडे बसू नयेत आणि शेजारच्याला सर्दी लागू नये म्हणून काय, कधी, कोणत्या क्रमाने करायचं

नाशिकजवळच्या ओझरहून विमानं सुटायला लागल्यापासून माझ्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात एक तक्रार वाढली आहे. "डॉक्टर, विमानातून उतरल्यापासून कानाला दडे बसलेत, ते जातच नाहीत." खोदून विचारलं की कळतं, माणूस सर्दी असतानाच गेला होता. काळजीही घेतली होती, पण चुकीच्या वेळी. टेकऑफच्या वेळी गोळी चघळली, वर गेल्यावर झोपला आणि लँडिंगला कान ठणकायला लागल्यावर नाक दाबून जोरात फुंकलं. तिन्ही गोष्टी उलट्या. हा लेख त्या क्रमासाठी आहे. यातलं सगळं साध्या सर्दीच्या मोठ्या माणसाला धरून लिहिलंय. लहान मुलांचं शेवटाकडे थोडक्यात येईल.

## आधी एवढं समजून घ्या: कान उतरताना अडकतो

विमान कितीही उंच उडालं तरी केबिनमधली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तेवढी ठेवतात. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी आहे आणि तिथून नाकाच्या मागच्या बाजूला एक बारीक नळी येते. वर जाताना पोकळीतली हवा फुगते आणि त्या नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि हवा उलटी आत यायला हवी. पण नळी सायकलच्या व्हॉल्व्हसारखी वागते, एका बाजूने सहज सोडते, दुसऱ्या बाजूने अडवते. आत हवा घ्यायला नळी स्नायूंनी उघडावी लागते आणि ते स्नायू चालतात आवंढा गिळताना, जांभई देताना. सर्दीत नळीच्या तोंडाची त्वचा सुजलेली असते, म्हणून नेहमीचा एखादा आवंढा पुरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाहेरचा आणि आतला दाब यांतला फरक एका मर्यादेपलीकडे गेला की नळी घट्ट मिटते आणि मग स्नायूंनी कितीही जोर लावला तरी उघडत नाही. ही मर्यादा साधारण एक हजार मीटर खाली आल्यावर गाठली जाते. केबिनचा दाब मिनिटाला शंभरेक मीटर उतरल्यासारखा बदलतो. म्हणजे उतरायला सुरुवात झाल्यावर तुमच्या हातात जेमतेम दहा मिनिटं असतात आणि सर्दीत त्याहूनही कमी. कान दुखायला लागल्यावर जागे झालात तर त्यातली बरीच संपलेली असतात.

## टप्पा १: जायचं की नाही, हे आदल्या दिवशी ठरवा

तिकीट काढलंय म्हणून जायचं, हा निकष नव्हे. आधी घरी ही चाचणी करा. नाक हळू शिंकरा, दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड मिटा आणि आवंढा गिळा. दोन्ही कानांत बारीक 'टक्' असा आवाज किंवा हलकासा ताण जाणवला, की नळ्या चालताहेत. एका कानात जाणवलं आणि दुसऱ्यात नाही, तर तो दुसरा कान त्रास देणार हे धरून चाला. दिवसभरात चार-पाच वेळा करून पाहा, कारण सर्दी सकाळी जड आणि दुपारी मोकळी असते. विमान ज्या वेळी उतरणार आहे त्याच वेळेच्या चाचणीला जास्त वजन द्या.

मुंबईहून विमान धरणाऱ्यांना आणखी एक चाचणी फुकट मिळते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, मुंबई समुद्राला लागून. कसारा घाट उतरताना कान बंद होतो आणि आवंढा गिळल्यावर सुटतो, तोपर्यंत ठीक. पण घाटात बसलेले दडे ठाण्यापर्यंत सुटले नाहीत, तर विचार करा: हा ६०० मीटरचा उतार होता आणि विमान त्याच्या चौपट उतार अर्ध्या तासात उतरणार आहे. समृद्धीच्या बोगद्यातून गेलात तरी उतार तेवढाच, फक्त लक्षात कमी येतो.

पुढच्यापैकी काहीही असेल तर प्रवास पुढे ढकला:

- कान आत्ताच दुखतोय, वाहतोय किंवा नेहमीपेक्षा कमी ऐकू येतंय.
- वरच्या चाचणीत एकही कान उघडत नाही, नाकात औषधाचा फवारा मारल्यानंतरसुद्धा.
- कपाळात किंवा गालाच्या हाडात ठणका आहे, खाली वाकलं की वाढतो. सायनसमध्येही हवा असते आणि उतरताना तिथली कळ कानापेक्षा वाईट असू शकते.
- ताप आहे. तापाची गोळी न घेता २४ तास ताप आलेला नसावा, असा साधा नियम धरा.
- कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन नुकतंच झालंय. अशा वेळी ज्यांनी ते केलं त्यांनाच विचारायचं.

इशारा: सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस कानाला वाईट आणि आजूबाजूच्यांनाही वाईट, कारण याच दिवसांत माणूस सर्वाधिक संसर्ग पसरवतो. तारीख बदलण्याचे पैसे भरायचेच असतील तर ते या दिवसांसाठी भरा. अंगदुखी, थंडी वाजून ताप आणि खोकला एकदमच सुरू झाले असतील तर ती साधी सर्दी नसून फ्लू किंवा कोविड असू शकतो. मास्क लावून चालवून घ्यायची ही गोष्ट नव्हे, आधी डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा २: तिकीट आणि सीट

कानाच्या हिशेबात किलोमीटर मोजू नका, लँडिंग मोजा. ओझरहून दिल्लीला उतरून पुढचं विमान धरायचं म्हणजे दोनदा उतरणं, आणि पहिल्या लँडिंगला सुजलेला कान दुसऱ्याला आणखी सहज अडकतो. जोरदार सर्दीत मुंबईपर्यंत गाडीने जाऊन थेट विमान घेणं गैरसोयीचं असलं तरी कानाला बरं.

उतरण्याचं ठिकाणही थोडा फरक करतं. बंगळूर सुमारे ९०० मीटरवर आहे, दिल्ली २४० च्या आसपास, मुंबई जवळपास शून्यावर. म्हणून तोच कान मुंबईला जितका त्रास देईल तितका बंगळूरला देणार नाही. ओझरला परत उतरणंही मुंबईला उतरण्यापेक्षा सौम्य. एवढ्यासाठी कोणी गाव बदलत नाही, पण परतीचं तिकीट मुंबईचं घ्यायचं की ओझरचं, हे ठरवताना आठवावं.

सीट खिडकीची घ्या. आजारी माणसाच्या एकाच बाजूला शेजारी असावा आणि येणारी-जाणारी माणसं त्याच्या तोंडाशी येऊ नयेत, हे कारण. नाक शिंकरायला तोंड फिरवायला भिंतही मिळते. मधली सीट सगळ्यात वाईट. सीट निवडायला शेदोनशे रुपये जास्त पडले तर मी ते खुशाल द्यायला सांगतो.

## टप्पा ३: औषधं, कोणती आणि कोणती नाहीत

मेडिकलमध्ये "सर्दीची गोळी द्या" म्हटलं की जी स्ट्रिप हातात येते, तिच्यात बहुधा तीन गोष्टी असतात: पॅरासिटामॉल, झोप आणणारं एखादं अँटीहिस्टामिन आणि फेनिलेफ्रिन. नाक मोकळं करण्याचं काम फेनिलेफ्रिनने करायचं असतं. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं, की तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करायला उपयोगी ठरत नाही. म्हणजे त्या गोळीने अंगदुखी कमी होईल आणि झोप येईल. आणि झोप ही नेमकी आपल्याला नको असलेली गोष्ट आहे, कारण झोपलेला माणूस फार कमी वेळा आवंढा गिळतो.

कामाचा आहे तो नाकाचा फवारा: झायलोमेटाझोलिन ०.१ टक्का किंवा ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्का, मोठ्यांचा. नावं पाकिटावर बारीक अक्षरात असतात, ती वाचून घ्या. थेंबांची बाटली स्वस्त मिळते, पण थेंब नीट मागेपर्यंत जायला आडवं पडून डोकं मागे टाकावं लागतं. विमानतळावर ते कोण करणार? म्हणून फवारा.

फवारा मारण्याची पद्धत इथेच सांगतो, कारण बहुतेक जण तो चुकीचा मारतात. आधी नाक शिंकरा. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारा, डाव्यात उजव्या हाताने, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळतं, मधल्या पडद्यावर आदळत नाही. मारताना हळू श्वास घ्या. घशात लगेच कडू लागलं तर समजा, जोरात ओढलात आणि औषध नाकात न थांबता पोटात गेलं.

इशारा: हा फवारा सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरायचा नाही. त्यानंतर त्याच्यामुळेच नाक बंद व्हायला लागतं आणि माणूस त्याला चिकटतो. बीपी, हृदयविकार, थायरॉईड, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल, किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. फवाऱ्याने कान उघडेलच अशी खात्री नाही. नळीच्या तोंडाची सूज थोडी उतरते, बाकीचं काम तुमच्या गिळण्यानेच व्हायचं आहे.

वाफ आदल्या रात्री घेतलीत तर शेंबूड पातळ होतो, बरं वाटतं. बाम आणि विक्सने नाकात गार लागतं म्हणून ते उघडल्यासारखं वाटतं, सूज मात्र तेवढीच राहते. गरम तेल कानात घालू नका. अडचण पडद्याच्या पलीकडे आहे, तेल अलीकडेच राहतं.

## टप्पा ४: हातातली पिशवी

हे सगळं वर ठेवायच्या बॅगेत टाकू नका, लँडिंगला सीटबेल्ट लावलेला असतो आणि उठता येत नाही. खिशात किंवा पुढच्या सीटखालच्या छोट्या पिशवीत ठेवा:

1. एन-९५ मास्क दोन, बिनव्हॉल्व्हचे. पुढे प्लॅस्टिकचं गोल झाकण असलेला मास्क श्वास गाळून आत घेतो, पण बाहेर तसाच सोडतो. धुळीत काम करणाऱ्याला तो ठीक आहे, दुसऱ्याला वाचवायला निरुपयोगी. एक मास्क शिंकून ओला झाला की बदलायचा, म्हणून दोन.
2. कागदी रुमाल भरपूर आणि वापरलेले टाकायला झिप असलेली छोटी पिशवी. कापडी रुमाल नको, तोच पुन्हापुन्हा हातात येतो.
3. लिमलेटच्या किंवा आवळ्याच्या गोळ्या, दहा-बारा.
4. फवारा, पाण्याची बाटली, सॅनिटायझर, ओले वाइप्स.

तपासून पाहा: मास्क लावून, मास्कवरूनच नाक चिमटीत धरून आवंढा गिळता येतो का, ते घरी करून बघा. नाकाशी कडक पट्टी असलेल्या काही मास्कमध्ये नीट पकड बसत नाही. तसं असेल तर साधा तीन पदरी सर्जिकल मास्क कडेने घट्ट बसवून वापरलेला बरा. सारखा खाली ओढावा लागणाऱ्या उत्तम मास्कपेक्षा चेहऱ्यावर टिकणारा मध्यम मास्क दुसऱ्यांना जास्त वाचवतो.

## टप्पा ५: विमानतळापासून सीटपर्यंत

विमानातली हवा घाण असते असा समज आहे. उडत्या विमानात ती बऱ्याच दवाखान्यांच्या वेटिंग रूमपेक्षा चांगली असते. तासाला वीसेक वेळा बदलते, पुन्हा फिरवलेला भाग बारीक फिल्टरमधून गाळून येतो, आणि ती वरून खाली वाहते. खरा धोका दोन ठिकाणी असतो. एक, तुमच्या लगतच्या सीटा, पुढच्या-मागच्या दोनेक रांगा. दुसरा, विमान जमिनीवर उभं असून हवा खेळत नसते तेव्हा. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान इंजिन बिघडून तीन तास जमिनीवर अडकलं, हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती, आणि फ्लू झालेला एक प्रवासी आत होता. पुढच्या तीन दिवसांत जवळपास पाऊणभर विमान आजारी पडलं.

म्हणून मास्क सिक्युरिटीच्या रांगेपासून लावा आणि उतरून टर्मिनलबाहेर येईपर्यंत ठेवा. ओळखपत्र दाखवताना जवान खाली करायला सांगतील तेवढा क्षण सोडून. डोक्यावरचा हवेचा झोत चालू ठेवा. सर्दी आहे म्हणून बरेच जण तो पहिल्यांदा बंद करतात. चेहऱ्यावर थेट नको असेल तर आपल्या मांडीच्या दिशेने खाली वळवा, शेजाऱ्याकडे वळवू नका. शेजाऱ्याला एक वाक्य सांगून टाका: "मला सर्दी आहे, मी मास्क लावून बसतोय." काही जण रिकामी सीट शोधून उठतात, तो त्यांचा हक्क आहे. चहा-नाश्ता टाळता येत असेल तर टाळा, नाहीतर शेजारच्याचं खाऊन झालं, त्याने मास्क लावला, की मग तुम्ही खा.

फवाऱ्याची वेळ: देशातल्या दोन-अडीच तासांच्या विमानाला एकच फवारा पुरतो. तो बोर्डिंगची घोषणा झाल्यावर, विमानतळाच्या स्वच्छतागृहात मारायचा. असर काही मिनिटांत सुरू होतो आणि कित्येक तास टिकतो. घरून निघताना मारू नका. हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्याने विमान चार तास रखडलं तर तो वाया जातो आणि मग लोक दुसरा, तिसरा मारत राहतात. लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात पाकिटावरचं अंतर पाळून उतरण्याच्या तासभर आधी पुन्हा मारता येतो.

## टप्पा ६: टेकऑफ

फार काही करायचं नाही. कान आपोआप 'टक्' करतो. नाक दाबून फुंकायचं तर मुळीच नाही, हवा बाहेर जात असताना आत कशाला ढकलायची? गोळ्याही आत्ता संपवू नका.

वर गेल्यावर झोपायचं असेल तर झोपा, पण मोबाईलला गजर लावा. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधीचा. फ्लाइट मोडवरही गजर वाजतो. सीटबेल्टच्या घोषणेवर विसंबू नका, ती होते तेव्हा विमान बहुतेक वेळा बरंच खाली आलेलं असतं.

## टप्पा ७: शेवटची चाळीस मिनिटं

पुढचा क्रम मोडू नका. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

1. गजर वाजला की नाक मोकळं करा. खिडकीकडे तोंड करून मास्क खाली घ्या, एक नाकपुडी दाबून दुसरी हळू शिंकरा, मग दुसरी. दोन्ही एकदम दाबून जोरात शिंकरलं तर शेंबूड कानाच्या नळीत चढतो. कागद लगेच पिशवीत, हाताला सॅनिटायझर, मास्क वर. पुढच्या सीटच्या खिशात वापरलेले कागद कोंबू नका, ते काढणारा माणूसच असतो.

2. दोन घोट पाणी प्या, तोंडात गोळी टाका, मास्क बंद करा. गोळी चघळली की लाळ सुटते, लाळ सुटली की आवंढा गिळावा लागतो आणि मास्क खाली घ्यायची वेळ येत नाही. सारखं पाणी पीत बसण्यापेक्षा गोळी यासाठीच बरी.

3. उतरण्याची चाहूल घ्या. इंजिनचा आवाज एकदम मंदावतो, विमानाचं नाक किंचित खाली झुकतं. घड्याळात लँडिंगला पंचवीस-तीस मिनिटं राहिलेली असतात. इथून अर्ध्या मिनिटाला एक आवंढा. कानाला काही होत नसलं तरी.

4. दर दोन-तीन मिनिटांनी नाक चिमटीत धरून आवंढा गिळा. घरी केलेली तीच चाचणी. 'टक्' झालं की त्या घडीचा दाब जुळला. जबडा पुढे काढून जांभई दिल्यासारखं केलं तरी चालतं, मास्कच्या आत कोणाला दिसत नाही.

5. कान भरल्यासारखा वाटला आणि चौथ्या पायरीने सुटला नाही, तरच हळू फुंका. नाक पुन्हा शिंकरा, चिमटीत धरा, तोंड मिटा, दोन-तीन सेकंद हळूहळू फुंका, लगेच आवंढा गिळा. जोर एवढाच, की कानात हवा सरकल्याची जाणीव व्हावी. चेहरा लाल होईपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकू नका, त्या जोराने आतल्या कानाचं नाजूक पटल फाटू शकतं. तीनदा करून सुटला नाही तर थांबा, पाचेक मिनिटं फक्त गिळत राहा, मग एकदा पुन्हा.

थांबा, असं झालं तर: फुंकल्यावर गरगरलं, कानात एकदम मोठा गुंजारव सुरू झाला किंवा ऐकू येणं खाडकन कमी झालं, तर पुन्हा फुंकायचं नाही.

एक उदाहरण वेळेनिशी बघू. इंदिरानगरच्या एका शिक्षिका, सर्दीचा पाचवा दिवस, ताप नाही, बीपी नाही. घरच्या चाचणीत उजवा कान लगेच टकटकतो, डावा तीनदा केल्यावर एकदा. विमान ओझरहून चार वाजता, दिल्लीत सहाला उतरणार असं धरू. साडेतीनला बोर्डिंगची घोषणा झाल्यावर त्यांनी फवारा मारला. पाच-वीसला गजर, नाक शिंकरलं, पाणी प्यायल्या, गोळी तोंडात. साडेपाचच्या सुमारास इंजिन मंदावलं. पाच-अडतीसपर्यंत दोन्ही कान साथ देत होते, मग डावा भरला. अजून दुखत नव्हता, नुसता आवाज लांबून आल्यासारखा. नाक धरून गिळलं, उजवाच सुटला. मग नाक शिंकरून, डावा खांदा खाली आणि मान उजवीकडे किंचित ताणून हळू फुंकलं. मान अशी ताणल्याने वरच्या बाजूचा कान काही जणांना सोपा जातो. दुसऱ्या वेळी सुटला. नंतर दर मिनिटाला त्याच कानाकडे लक्ष. पाच-पन्नासला पुन्हा भरला, या वेळी अर्धवटच सुटला. उतरल्यावर डाव्या कानात थोडे दडे होते, रात्री जेवताना गेले. त्या पाच-पन्नासला जाग्या झाल्या असत्या तर तो कान माझ्याकडे आला असता.

दिल्लीवर विमान घिरट्या घालत राहिलं तर घाबरू नका. मधल्या उंचीवर थांबणं हे कानाला मिळालेला जादा अवसर आहे, तेवढ्यात दाब जुळवून घ्या.

## मुलं सोबत असतील तर

तान्ह्या बाळाला उतरताना दूध पाजा, टेकऑफला पोट भरून टाकू नका. झोपलेल्या मुलाला उतरायच्या आधी उठवा, रडलं तरी चालेल, रडतानाही ते गिळत असतं. चार-पाच वर्षांच्या पोराला लँडिंगला स्ट्रॉने घोटघोट पाणी द्या. गोळी घशात अडकण्याचं वय असेल तर गोळी नको. मोठ्यांचा फवारा मुलांना मारायचा नाही, आणि क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्यांना देऊ नयेत असा औषध नियंत्रकांचाच २०२३ चा आदेश आहे. झोपाळू सिरप पाजून मुलाला शांत नेणं कानाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

## टप्पा ८: उतरल्यावर

उठण्यापूर्वी हाताचे टेकू, ट्रे आणि सीटबेल्टची कडी वाइपने पुसा, कागदांची पिशवी सोबत न्या. दार उघडेपर्यंत रांगेत दाटीने उभे राहू नका, हवा मंदावते ती याच वेळी. खिडकीत बसलेल्याला तशीही घाई करून उपयोग नसतो.

कान भरलेला असेल तर दिवसभर गिळणं, जांभई आणि अधूनमधून नाक धरून आवंढा, एवढंच. बहुतेकांचे दडे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जातात. फवारा वर सांगितलेल्या दिवसांच्या मर्यादेत चालू ठेवता येतो. दुखलं तर पॅरासिटामॉल.

डॉक्टरकडे कधी जायचं:

- दडे तीन दिवसांत गेले नाहीत, किंवा कमी होऊन पुन्हा वाढले: कान तपासून घ्या, पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं.
- कळ एकदम थांबली आणि कानातून पाणी किंवा रक्तमिश्रित काही आलं: पडदा फाटला असावा. कान कोरडा ठेवा, थेंब, तेल, कापसाची काडी काहीही घालू नका. बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरतात, पण दाखवून घ्या.
- गरगरतंय, एका कानाने ऐकू येणं एकदम गेलंय, कानात सतत आवाज आहे: त्याच दिवशी, ज्या गावात असाल तिथेच. नाशिकला परतल्यावर दाखवू, असं करू नका.

परतीचं विमान दोन-तीन दिवसांनी असतं आणि लोक नेमके तिथे फसतात. नाक बरं झालेलं असतं म्हणून कानही बरा झाला असं धरतात. परतीच्या आदल्या दिवशी पहिल्या टप्प्यातली चाचणी पुन्हा करा. जो कान जाताना अडकला होता त्यात 'टक्' येत नसेल तर विमान पुढे ढकला किंवा रेल्वेने या. दिल्लीहून नाशिकरोडला थेट गाड्या आहेत, आणि वाटेतले घाट विमानाच्या मानाने कानाला काहीच नाहीत.